जांघेतली गळवं पुन्हा पुन्हा त्याच जागी: केसतूड की हायड्राडेनायटिस?

प्रश्न: माझं वय २७, लग्नाला दोन वर्षं झाली. दीड वर्षापासून दोन्ही जांघांत आणि योनीच्या बाहेरच्या घडीत ठणकणारी गळवं येतात. उजव्या जांघेत तर एकाच जागी. पाळीच्या आधी चार-पाच दिवस हमखास. सर्जनकडे दोनदा चीर दिली, दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. बरं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा येतं. पू तपासला तर 'जंतू वाढले नाहीत' असा रिपोर्ट आला. साखर नॉर्मल आहे. वजन ७६ किलो, उंची ५ फूट २ इंच. रेझर वापरते. एक डॉक्टर म्हणाले रेझरमुळे फॉलिक्युलायटिस झालाय. माझी नर्स मैत्रीण म्हणते हायड्राडेनायटिस असेल. नक्की काय समजायचं? नवऱ्याला लागण होईल का?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. न तपासता मी निदानाचा शिक्का मारणार नाही, पण तुमच्या मजकुरातले तीन शब्द माझ्यासाठी जड आहेत: 'एकाच जागी', 'दोन्ही जांघांत' आणि 'दीड वर्षापासून'. नवऱ्याला याची लागण होत नाही. हा गुप्तरोग नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही, तेव्हा ती काळजी इथेच सोडा.

आधी रेझरचं बघू, कारण तो आरोप पूर्ण खोटाही नाही. फॉलिक्युलायटिस म्हणजे केसाच्या मुळाशी वरच्यावर आलेली सूज. रेझर फिरवल्यावर दोन-तीन दिवसांत बारीक बारीक पुळ्या उठतात, मोहरीपासून मुगाएवढ्या. नीट पाहिलं तर बहुतेक पुळ्यांच्या मध्यातून केस गेलेला दिसतो, टोकाला पिवळट ठिपका असतो. खाज आणि चुरचुर जास्त, ठणका कमी. त्या एकदम पंधरा-वीस येतात, आठवडा-दहा दिवसांत सुकतात आणि मागे काळपट डाग तेवढा ठेवून जातात. काही वेळा कापलेला केस वळून पुन्हा कातडीत घुसतो, त्याची वेगळी टोचरी पुळी येते. या सगळ्याची जागा म्हणजे जिथे जिथे रेझर फिरला ती, म्हणजे वरचा केसाळ भाग, मांडीची बाजू. घडीच्या अगदी तळाशी असायलाच हवं असं काही नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे आपलं केसतूड. इथे स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू केसाच्या मुळापर्यंत खोल उतरतो. वाटाण्याएवढी लाल गाठ येते, दोन-चार दिवसांत पिकते, तिला तोंड येतं, फुटते, घट्ट पू आणि मधला गर बाहेर पडतो आणि प्रकरण संपतं. पुढचं केसतूड आलंच तर दुसरीकडे, कधी ढुंगणावर, कधी मांडीवर, कधी मानेवर. केसतुडाला जागेचं प्रेम नसतं.

हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा, ज्याला आम्ही ओपीडीत नुसतं एचएस म्हणतो, त्याची सुरुवातही केसाच्या मुळापासूनच होते. नावात घामाच्या ग्रंथी आहेत, कारण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच सर्जनांना तसं वाटलं होतं. मूळ दोष मात्र केसाच्या नळीत आहे. घडीतल्या केसाच्या नळीचं तोंड आतून जाड झालेल्या कातडीने बंद होतं. नळी आतल्या आत फुगते आणि वर फुटण्याऐवजी कातडीच्या आत फुटते. केसाचे तुकडे आणि मृत पेशी जिथे जायला नको तिथे सांडतात, आणि शरीर त्यांच्यावर परक्या वस्तूसारखं तुटून पडतं. म्हणजे तुम्हाला येणारं गळू हे मुळात जंतूंचं काम नसून तुमच्याच प्रतिकारशक्तीचा अतिरेक आहे. जंतू असले तर मागाहून पाहुणे म्हणून येतात. तुमच्या पुवात काही वाढलं नाही, याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटलं नाही. अँटिबायोटिक चालू असताना पू घेतला असेल तरीही रिपोर्ट असाच येतो, तेव्हा त्या एका कागदावर मी निदान टेकवणार नाही. पण भरभरून स्टॅफिलोकॉकस वाढला असता तर मी केसतुडाकडे जास्त झुकलो असतो, एवढं खरं.

आत फुटल्यामुळे एचएसची गाठ हाताला वेगळी लागते. ती खोल असते, तिला तोंड नसतं. वर लाली दिसायच्या आधी एक-दोन दिवस तिथे चुरचुरतं, टोचल्यासारखं होतं, चालताना घासतं. मग सुपारीएवढी टणक गाठ येते आणि बसणं, दुचाकीवर पाय टाकणं, रात्री कूस बदलणं सगळंच अवघड होतं. ती आठवडा-दीड आठवडा राहते. कधी आतल्या आत विरते, कधी फुटून रक्तमिश्रित, वास येणारा पू देते. आणि फुटल्यावरही जागा पूर्ण निवत नाही, कारण सांडलेल्या केसनळीतल्या कातडीच्या पेशी आत पसरतात आणि आतल्या आत कातडीचं अस्तर असलेला बोगदा तयार करतात. हे अस्तर औषधाने विरघळत नाही. उजव्या जांघेत 'त्याच जागी' येतंय त्याचा अर्थ बहुधा हाच, की तिथे असा छोटा बोगदा झालाय.

आता एक काम करा. गळू आलेलं असताना नाही, दोन गळवांच्या मधल्या शांत दिवसांत. आंघोळीनंतर उजेडात बसून हातआरसा घ्या, मोबाईलची बॅटरी लावा आणि घडी बोटांनी ताणून बघा. पहिली गोष्ट शोधायची ती काळे ठिपके. चेहऱ्यावर ब्लॅकहेड असतात तसेच, पण इथे एकमेकांना चिकटून दोन-दोन, जणू एकाच खड्ड्याची दोन तोंडं. हे जोडठिपके एचएसची जुनी खूण आहे, फॉलिक्युलायटिसमध्ये ते नसतात. दुसरी गोष्ट, बोटाने घडीच्या रेषेवरून हलकं चाचपा. कातडीखाली दोरीसारखी निबर पट्टी लागते का? दोनदा चीर दिल्याचे व्रण असणारच, पण चीर न दिलेल्या ठिकाणीही अशी पट्टी असेल तर ती जुन्या, आत विरलेल्या गळवाची आहे. तिसरी, गळवाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे का आणि कडेला दाबलं की त्यातून लस येते का? कधी कधी दाबतो एकीकडे आणि लस येते बोटभर अंतरावरून. तसं झालं तर बोगदा आहे, याबद्दल फारशी शंका उरत नाही. मग याच नजरेने काखा, स्तनांखालची घडी आणि ढुंगणाची घडी बघा. अनेक बायका सांगतात, 'काखेत कॉलेजात असताना यायचं, पण ते डिओमुळे असेल.' ते डिओमुळे नसतं.

निदानासाठी रक्ताची किंवा इतर कुठली एक ठरावीक चाचणी नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: गळवं वर सांगितली तशी असणं, ती नेहमीच्या घड्यांमध्ये असणं, आणि सहा महिन्यांत किमान दोनदा येणं. तुमचं दुसरं आणि तिसरं जुळतंच आहे, पहिल्यासाठी कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. गंमत म्हणजे इतकं सोपं असूनही जगभरात या आजाराचं नाव रोग्याला कळायला सरासरी सात ते दहा वर्षं लागतात. त्याचं कारण मला तरी स्वच्छ दिसतं. दर वेळी वेगळा डॉक्टर एकच गळू बघतो, आणि एक सुटं गळू दिसायला केसतुडात आणि एचएसमध्ये सारखंच असतं. फरक कॅलेंडरवर दिसतो. म्हणून गळू आलं की तारीख, पाळीचा दिवस, कुठल्या बाजूला, किती दिवस राहिलं, एवढं वहीत लिहा. फोटो काढणार असाल तर बाजूला पेनाचं टोपण ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो, आणि ते फोटो घरच्या सामायिक गॅलरीत आपोआप चढत नाहीत ना तेही बघून घ्या. माझ्या एका पेशंटचे चढले होते, त्या घरात नंतर जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, ते का, हेही समजून घ्या. गळू आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका असह्य होतो तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. गोळ्या सुरू होतात. पुढच्या पाच-सहा दिवसांत गळू आपोआपच फुटून बसणार असतं. ते बसतं, आणि श्रेय गोळीला जातं. दर दोन महिन्यांनी असं करत राहिलं की गळवं तशीच राहतात आणि पोटातले व अंगावरचे जंतू मात्र औषधांना निर्ढावतात.

चिरेचंही थोडं तसंच आहे. गळू तट्ट फुगलंय, आत पू हलतोय, रात्रभर झोप नाही, अशा वेळी चीर देऊन दाब कमी करणं योग्यच, तुमच्या सर्जनने काही चुकीचं केलं नाही. पण ती फक्त त्या रात्रीची सोय आहे. आत अस्तर तसंच राहतं, त्यामुळे नुसत्या चिरेनंतर एचएसचं गळू जवळपास नेहमीच परत येतं. उंदराच्या बिळाचं एक तोंड बुजवलं की बाजूला दुसरं निघतं, तसं. पुन्हा पुन्हा त्याच जागी येणाऱ्या गळवाला लागते ती वेगळी छोटी शस्त्रक्रिया. तिला आम्ही डीरूफिंग म्हणतो. जागा बधिर करायची, बोथट सळई घालून बोगदा कुठून कुठे जातो ते शोधायचं, त्याचं छप्पर पूर्ण कापून टाकायचं, तळाचं बुळबुळीत अस्तर खरवडायचं आणि जखम टाके न घालता उघडी ठेवायची. ती तळापासून भरून यायला काही आठवडे लागतात, रोज ड्रेसिंग करावं लागतं. ऐकायला भयानक वाटतं, पण त्या जागेपुरता निकाल चिरेपेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. सर्जनकडे जाल तेव्हा 'पुन्हा चीर द्या' असं म्हणण्याऐवजी 'इथे आत बोगदा आहे का, डीरूफिंग करता येईल का' असं विचारा.

याउलट खरंच जंतूचं प्रकरण असलं की गोष्ट कशी वेगळी उलगडते, त्याचं एक उदाहरण देतो. वसतिगृहात राहणारा विशीतला मुलगा आला होता, जांघेत आणि ढुंगणावर गळवं, वर्षात अनेकदा. तो स्वतःच गुगल करून एचएस ठरवून आला होता. पण त्याची गळवं जांघेपुरती नव्हती, एक पोटरीवर होतं, एक कंबरेवर, बेल्टच्या जागी. प्रत्येकाला तोंड आलेलं. मधल्या काळात कातडी अगदी स्वच्छ, ना जोडठिपके ना निबर पट्टी. आणि खोलीतल्या दुसऱ्या मुलालाही तेच होत होतं, टॉवेल दोघांचा एकच. पुवात स्टॅफिलोकॉकस वाढला, नाकातल्या फायातही तोच. अशा माणसांत जंतू नाकपुडीत मुक्काम करतो, बोट नाकातून कुठेही जातं. दोघांनाही म्युपिरोसिन २ टक्के मलम नाकात दिवसातून दोनदा पाच दिवस, त्याच दिवसांत मानेखालचं अंग क्लोरहेक्झिडिन ४ टक्के द्रावणाने धुणं, टॉवेल-अंतर्वस्त्रं-चादरी गरम पाण्यात, रेझर नवा आणि ज्याचा त्याचा. गळवं थांबली. एचएसमध्ये हाच उपाय शंभर वेळा केला तरी बोगदा जागचा हलत नाही.

तुम्हाला तपासताना डॉक्टर आणखी काही शक्यता मनात ठेवतील. योनीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, आतल्या अंगाला एकच मोठी गाठ येत असेल तर ती बार्थोलिन ग्रंथीची असते आणि तिचा मार्ग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातो. गुदद्वाराजवळ भोक असेल तर भगंदर. पायाला जखम झाल्यावर जांघेत जे अवधाण येतं ती लसिकाग्रंथीची सूज असते, कातडीखाली हलती गाठ लागते आणि वर कातडी साधी असते. आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे क्षय. जांघेतली गाठ फुटून महिनोन्महिने वाहते, ठणका मात्र फारसा नाही, कडा निळसर, सोबत बारीक ताप किंवा वजन घटणं असलं तर तुकडा काढून तपासावाच लागतो. आणि सतत जुलाब, शौचात रक्त असा त्रास असेल तर तोही सांगा, कारण आतड्याचा क्रोन्स नावाचा आजार एचएससोबत येतो आणि त्याच भागात स्वतःही भोकं पाडतो.

एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: 'जांघेत कुठलं मलम लावताय?' दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, नायट्याची म्हणून घेतली जाणारी मलमं, ज्यांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टिरॉइड असं सगळं एकत्र असतं, ती महिनोन्महिने लावली की घडीतली कातडी कागदासारखी पातळ होते, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात आणि नायटा केसाच्या मुळात खोल उतरून गाठी करतो. वरवर ते फॉलिक्युलायटिसही वाटतं आणि कधी एचएसही. तसं काही लावत असाल तर ती ट्यूब सोबत घेऊन जा. नाव आठवत नाही, पण डबी निळी होती, यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

आता तुमचं निदान एचएस ठरलं असं धरून पुढे बोलतो. सुटी गळवं आहेत, बोगदा नाही, तर ती पहिली पायरी. एकदोन बोगदे किंवा व्रण, मध्ये निरोगी कातडी, ही दुसरी. सगळा भाग बोगद्यांनी जोडला गेला तर तिसरी. डॉ. हर्ली यांनी १९८९ साली घातलेली ही वर्गवारी आजही वापरात आहे. तुम्ही बहुधा पहिलीच्या शेवटी किंवा दुसरीच्या सुरुवातीला असाल आणि इथे उपचाराने बरंच काही राखता येतं.

पहिला उपाय साधा आहे: क्लिंडामायसिन १ टक्का लोशन, दिवसातून दोनदा, फक्त गळवावर नाही तर पूर्ण घडीत, तीन महिने. त्यासोबत अनेकदा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिलं जातं, तेही साधारण बारा आठवडे. पाच दिवस आणि बारा आठवडे हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इथे ते जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी दिलेलं असतं. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जळजळ होते. तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो: मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा पाळी चुकली असेल तर डॉक्सिसायक्लिन सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात ते चालत नाही.

याने तीन महिन्यांत फरक पडला नाही तर क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन या दोन कॅप्सूल दहा-बारा आठवडे देण्याची जुनी पद्धत आहे. पण रिफाम्पिसिन हे आपल्याकडे क्षयाचं मुख्य औषध आहे. छातीत किंवा गाठीत लपलेला क्षय नाही याची खात्री केल्याशिवाय ते सुरू करणं म्हणजे क्षयाला अर्धवट औषध देऊन शहाणं करणं. शिवाय त्याने गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात आणि लघवी केशरी होते. यांतलं दुसरं निरुपद्रवी आहे, पहिलं नाही. म्हणून हा प्रयोग औषधांच्या दुकानातून परस्पर करू नका.

तुमच्या बाबतीत मी हार्मोनकडे विशेष लक्ष देईन. पाळीच्या आधी हमखास उठणारी गळवं आणि तिशीच्या पुढचा बीएमआय, याला जोडून पाळी लांबत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील किंवा मुरमं असतील तर पीसीओएसची तपासणी करायला हवी. तसं निघालं तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा मेटफॉर्मिन यांचा उपयोग होतो. स्पायरोनोलॅक्टोनही गरोदरपणात चालत नाही. साखर नॉर्मल आहे म्हणता, ती उपाशीपोटीची एकच केली असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी एकदा करून घ्या.

मोठा कार्यक्रम तोंडावर आहे आणि गळू उठलं, अशा वेळी गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं थोडंसं इंजेक्शन देता येतं. अनेकांचा ठणका एक-दोन दिवसांत उतरतो. अभ्यासांतला पुरावा तितका भक्कम नाही, हे सांगायला हवं, पण मी वापरतो. जंतूसंसर्ग आहे अशी शंका असताना मात्र नाही.

मध्यम ते तीव्र आजारासाठी अडालिमुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत आणि युरोपात त्याला एचएससाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर २०२३ मध्ये सेक्युकिनुमॅबही आलं. अडालिमुमॅबच्या आधी क्षय आणि हिपॅटायटिस बीची तपासणी केल्याशिवाय सुई टोचायची नाही, आपल्या देशात तर नाहीच. तुम्हाला आज त्याची गरज आहे असं मला वाटत नाही, पण 'या आजाराला काही औषधच नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, हे माहीत असावं.

घरी काय करायचं, तर आधी रेझर बंद. आजाराचं मूळ तो नाही, पण आधीच चिडलेल्या कातडीला तो रोज नव्याने डिवचतो. व्हॅक्सिंगही नको. ट्रिमरने केस बारीक ठेवा, तेवढं पुरे. पुढे जमलं तर एनडी-याग लेझरने त्या भागातले केस कमी करून घेता येतात, त्याने गळवंही कमी होतात असं दिसलेलं आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाला हा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा, पार्लरमध्ये नको. अंतर्वस्त्राचं इलॅस्टिक बरोबर जांघेच्या रेषेत रुतत असेल तर लांब पायांची सुती शॉर्ट्ससारखी अंतर्वस्त्रं वापरून बघा. पॅडच्या पंखांची कड नेमकी त्याच जागी घासते, हे फारसं कुणी बोलत नाही. काही पेशंटना पाळीच्या कपमुळे किंवा पाळीच्या पँटीमुळे फरक पडला. पाळीच्या आधी येतं आणि पाळीत चिघळतं, यातला दुसरा अर्धा भाग कधी कधी या कडेचा असतो.

गळू आल्यावर कोमट पाण्याचा सुती शेक दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं द्या, ठणक्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. पिळू नका, पिळल्याने ते वर येण्याऐवजी आत फुटतं. हळद, चुना, गरम पोटीस, न पातळ केलेलं डेटॉल हे घडीतल्या ओल्या कातडीवर नको. दर महिन्याला मी चुन्याने भाजलेली एक तरी जांघ बघतो.

वजन आणि तंबाखू या दोन गोष्टी मी अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. बारीक, निर्व्यसनी माणसांनाही एचएस होतो आणि साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रोग्यांत तो घराण्यात असतो, तेव्हा आई-वडील, भावंडांना काखेत, जांघेत गळवं येत होती का, ते विचारून ठेवा. पण घडीतलं घर्षण वजनाबरोबर वाढतं आणि सिगारेट-विडीचा या आजाराशी ठळक संबंध दिसतो. मिशरी लावत असाल तर तीही मी तंबाखूतच धरतो. बायका ती मोजत नाहीत, म्हणून वेगळं विचारावं लागतं.

थांबायचं नाही अशा वेळा दोन. लाली तासातासाला पसरतेय, ताप-थंडी आहे, दिसतंय त्यापेक्षा वेदना फार जास्त आहे, कातडी जांभळी-काळी पडतेय किंवा दाबल्यावर आत करकरतंय, तर ती कातडीखालची सडवणारी लागण असू शकते. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. मधुमेही माणसांत हा धोका जास्त, आणि ज्यांच्या मधुमेहाच्या गोळीच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा आहे त्यांनी ते तिथे आवर्जून सांगावं. दुसरी वेळ घाईची नाही पण टाळायची नाही: वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जुन्या भोकाच्या कडेला, विशेषतः ढुंगणाच्या बाजूला, फुलकोबीसारखी वाढ किंवा न भरणारा टणक व्रण दिसला तर तुकडा काढून तपासायलाच हवा. जुनाट एचएसमध्ये तिथे कॅन्सर होऊ शकतो. दीड वर्षाच्या तुमच्या आजारात ती भीती धरायचं कारण नाही.

तर आता त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर नाव नोंदवतानाच सांगा, पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स हवी असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. वही, दोन्ही वेळच्या चिरेचे कागद, पुवाचा रिपोर्ट आणि आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. गळू नसतानाची वेळ मिळाली तरी जा, रद्द करू नका. जोडठिपके, निबर पट्टी आणि भोक त्याच दिवशी जास्त नीट दिसतात. आणि तपासणी काखेपासून सुरू करा असं तुम्हीच म्हणा.